4,580 चे 4,850

मुद्रितशोधक बाईंनी प्रुफाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : मजकुरात ४,८५०, चित्रात ४,५८०, फरक २७०, नवाने भाग जातो. त्या शेवटच्या तीन शब्दांत सगळं निदान होतं. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नेहमी नवाने भाग जातो, हे जुन्या हिशेबनिसांना पाठ असतं. तेरीज जुळली नाही की ते आधी फरकाला नवाने भागून बघतात. म्हणजे चूक छपाईची नव्हती. लेखक सरांनी एक्सेलच्या त्या खान्यात आकडा भरतानाच ८ आणि ५ उलटे टाइप केले होते, आणि ते तसेच पडद्याच्या चित्रात पकडले गेले होते.

मी डोंबिवलीत घरून पुस्तकांची मांडणी करते. हे पुस्तक ठाण्याच्या एका प्रकाशकाचं, वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी, संगणकावर हिशेब कसे ठेवायचे याबद्दलचं. चौथ्या प्रकरणात एका काल्पनिक गृहनिर्माण सोसायटीचा एप्रिल महिन्याचा खर्च मांडला होता. B2 ते B6 या खान्यांत सफाई 12,000, सुरक्षारक्षक 36,500, पाणीपट्टी 4,580, वीज 9,370, लिफ्टची देखभाल 6,250 आणि खाली B7 मध्ये ठळक अक्षरात बेरीज 68,700.

सरळ उपाय म्हणजे मजकूर बदलणं. मी सरांना तेच सुचवलं. पण त्या ४,८५० वर पुढची तीन प्रकरणं उभी होती : रोजकीर्दीतली नोंद, खतावणीतलं खातं, तेरीज, सगळीकडे तोच आकडा. मजकूर हलवला असता तर पंधरावीस ठिकाणी हात घालावा लागला असता आणि एखादं ठिकाण नक्की सुटलं असतं. तेव्हा चित्रच बदलायचं ठरलं.

चित्र पुन्हा घेणं हा दुसरा सरळ उपाय. तो का जमेना, हे सांगायला हवं. मूळ फाईल सरांच्या जुन्या हार्ड डिस्कबरोबर गेली होती. चित्रं घेतली तेव्हा त्यांच्याकडे विंडोज ७ आणि एक्सेल २०१० होतं. माझ्या लॅपटॉपवरच्या नव्या एक्सेलमध्ये नवी फाईल उघडली की अक्षर अ‍ॅप्टोस नॅरोचं येतं, जुन्यात कॅलिब्रीचं. खर्चाची नावं देवनागरीत होती, ती विंडोज ७ वर मंगल फाँटमध्ये दिसतात आणि विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआयमध्ये. फाँट हाताने बदलता आले असते, पण वरची बटणांची पट्टी, रकान्यांच्या मथळ्यांचा रंग, निवडलेल्या खान्याची चौकट, सगळंच वेगळं. बाकीची सगळी चित्रं जुन्या रूपात असताना मधेच एक नव्या रूपातलं आलं की शिकणाऱ्या मुलाला वाटतं, इथे काहीतरी वेगळं करायचंय. पाठ्यपुस्तकात असला गोंधळ मला चालत नाही.

सरांनी चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. ते मी बाजूला ठेवलं आणि त्यांना फोन करून म्हटलं, "सर, हे नको. तुम्ही प्रकाशकांना पहिल्यांदा जी मेल केली होती, त्यातलं चित्र शोधा." त्यांना दोन्ही सारखीच दिसत होती. फरक खोल शिरल्यावर कळतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून जेपेगमध्ये ठेवतं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारकावे स्वतंत्रपणे गाळतं. छायाचित्रात ते खपून जातं. पांढऱ्यावर काळ्या अक्षरात मात्र प्रत्येक आकड्याभोवती पुसट डाग उठतात, आणि एकाच आकड्याचे डाग दर ठिकाणी वेगळे, कारण तो आकडा आठाच्या चौकोनात कुठे पडला त्यावर ते ठरतात. अशा चित्रातला 5 उचलून शेजारी ठेवला तर त्याचे डागही बरोबर येतात आणि कडेला एकदम तुटतात. स्वच्छ 5 आणून बसवला तर तो डागाळलेल्या शेजाऱ्यांत एकटाच धुतलेला दिसतो. मेलमध्ये मूळ पीएनजी सापडलं. त्यात प्रत्येक ठिपका पडद्यावर होता तसाच राहतो.

ते फोटोशॉपमध्ये आठपट मोठं करून बघितलं आणि कामाला लागले. अशा वेळी पहिला मोह होतो तो खाना पांढरा करून अक्षराच्या हत्याराने 4,850 टाइप करण्याचा. कॅलिब्री, ११ पॉइंट, काळा रंग, सगळं बरोबर असतं, तरी आकडा परका दिसतो. याचं कारण विंडोजची क्लिअरटाइप पद्धत. पडद्याच्या एका ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. क्लिअरटाइप त्या तिन्हींना वेगवेगळं वापरून अक्षराची कडा ठिपक्यापेक्षाही बारीक करतं. म्हणून मोठं करून बघितलं की काळ्या रेषेच्या डाव्या कडेला तांबूस आणि उजव्या कडेला निळसर झाक दिसते. फोटोशॉपचं नेहमीचं अक्षर फक्त राखाडी छटांनी कडा मऊ करतं. साध्या डोळ्यांना रंग दिसत नाही, पण शेजारच्या आकड्यांपेक्षा वजन वेगळं असल्याचं जाणवतं.

तेव्हा नवीन काही लिहायचंच नाही, चित्रातलेच आकडे वापरायचे. इथे एक्सेल आणि कॅलिब्री दोघंही मदतीला येतात. कॅलिब्रीचे नेहमीचे आकडे एकाच रुंदीचे असतात, 1 ची जागासुद्धा 8 एवढीच. ११ पॉइंटात, पडदा १०० टक्क्यांवर आणि पानही १०० टक्क्यांवर असताना ही रुंदी बरोबर सात ठिपके येते. माझ्या चित्रात प्रत्येक आकडा पूर्ण ठिपक्यावरच सुरू होत होता, त्यामुळे एका खान्यातला 5 आणि तीन ओळी वरचा 5 ठिपक्याला ठिपका सारखे होते. पान ९० किंवा ११० टक्क्यांवर ठेवलेलं असतं तर आकड्यांमधली अंतरं कमीजास्त झाली असती आणि ही सोय उरली नसती. सरांनी पान १०० टक्क्यांवरच ठेवलं होतं, हे खालच्या कोपऱ्यात दिसत होतं.

माझ्या खान्यात तर हवे ते दोन्ही आकडे आधीच होते. 5 आणि 8 ची जागा बदलायची, एवढंच. सात ठिपके रुंदीची निवड करून 5 वेगळ्या थरावर घेतला, 8 वेगळ्या थरावर, मूळ जागा पांढरी केली आणि दोघांना उलट बसवलं. अडचण शिवणीवर येते. क्लिअरटाइपची झाक आकड्याच्या सात ठिपक्यांच्या हद्दीत राहतेच असं नाही, एखादा ठिपका शेजारी सांडते. निवड काटेकोर सातची घेतली तर ती सांडलेली झाक मागे राहते आणि नव्या शेजाऱ्याच्या अंगाला चिकटते. म्हणून मी दोन्ही बाजूंना एकेक ठिपका जास्त घेतला, त्यातली शेजाऱ्याची झाक खोडली आणि थर गुणाकार पद्धतीवर ठेवला. त्या पद्धतीत पांढरं पारदर्शक होतं आणि दोन झाका एकमेकींवर पडल्या तर मिळून गडद होतात. शेवटची 50 ही जोडी नीट बसली का, ते पडताळायला वर 36,500 मध्ये तीच जोडी तयार होती. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या, जुळल्या.

खान्याच्या रेघांना हात लावावा लागला नाही, आणि तो लागू नये असंच मी बघते. त्या वर्षीच्या एक्सेलमध्ये रेघ फिकी राखाडी असते. बाकी सगळं शुद्ध पांढरं. पुसायला मोठा ब्रश घेतला की रेघेचा एखादा ठिपका जातो, मग तो भरायला नवी रेघ ओढावी लागते आणि तिचा रंग अंदाजाने जरा वेगळाच होतो. खाना वीस ठिपके उंच असला तर विसावा ठिपका रेघेचा, एवढं ध्यानात ठेवून निवड रेघेच्या आतच ठेवायची.

आमच्या आकड्यात अंकांची संख्या तीच राहिली, हेही सोपं पडलं. संख्या एक्सेलमध्ये उजवीकडे टेकते, रेघेच्या आत दोन ठिपके सोडून. 980 चे 1,020 करायचे झाले तर उजवी कड तिथेच राहते आणि वाढ डावीकडे जाते, त्यात स्वल्पविरामाची जागा वेगळी मोजावी लागते. खाना मधोमध जुळवलेला असेल तर सगळाच मजकूर वाढीच्या निम्म्या रुंदीने सरकतो, म्हणजे कुठलाच आकडा जुन्या जागी राहत नाही.

पाणीपट्टी 4,850 झाली आणि बेरीज खोटी ठरली. एक खाना बदलायचा म्हणून लोक माझ्याकडे येतात तेव्हा हेच त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. पाचही रकमांची खरी बेरीज 68,970. निवडलेला खाना B7 होता, त्यामुळे वरच्या सूत्रपट्टीत =SUM(B2:B6) दिसत होतं आणि त्याला बाधा नव्हती. B4 निवडलेला असता तर सूत्रपट्टीतही 4580, तोही स्वल्पविरामाशिवाय, बदलावा लागला असता. एकापेक्षा जास्त खाने निवडलेले असते तर तळाच्या पट्टीत सरासरी आणि बेरीज दिसली असती, तीही बदलावी लागली असती.

68,700 चे 68,970 करायला ठळक 9 आणि ठळक 7 हवे होते. 7 त्याच खान्यात होता. ठळक 9 चित्रात कुठेच नव्हता, आणि 9,370 मधला साधा 9 ठळक शेजाऱ्यांत हडकुळा दिसला असता. बेरजेतला 6 उलटा केला की 9 होतो, असं वाटतं खरं. करून बघितलं की लगेच दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. कॅलिब्रीचा 6 आणि 9 एकमेकांची तंतोतंत उलटी रूपं म्हणून पडद्यावर उमटत नाहीत, आणि चित्र अर्धं फिरवलं की डावीकडची तांबूस झाक उजवीकडे जाते व निळसर डावीकडे येते. सगळ्या ओळीत एकच आकडा उलट्या उजेडात असल्यासारखा होतो. म्हणून त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या चित्रातून, त्याच संगणकावर त्याच रूपात पकडलेल्या बेरजेच्या ओळीतून, ठळक 9 आणला.

काम झाल्यावर डोळ्यांवर विसंबायचं नाही. मूळ चित्र खाली, बदललेलं वर, आणि वरच्या थराला फरक दाखवणारी पद्धत लावायची. दोन्हीकडे ठिपका सारखा असेल तिथे शुद्ध काळं उमटतं, जरा जरी वेगळा असेल तर रंग दिसतो. माझ्याकडे काळ्या पडद्यावर चारच खुणा उमटल्या, B4 मध्ये दोन आकड्यांच्या आणि B7 मध्ये दोन. रेघा, मथळे, बाकीचे खाने, सगळं काळं. पाचवी खूण दिसली असती तर कुठेतरी ब्रश घसरलाय, असा त्याचा अर्थ झाला असता.

पुढच्याच पानावर त्याच तक्त्याचं दुसरं चित्र होतं, त्यात C रकान्यात प्रत्येक खर्चाचा एकूण खर्चातला वाटा काढला होता :

```
=B2/B$7
```

पाणीपट्टी बदलली की एकूण बदलते आणि एकूण बदलली की सगळेच वाटे हलतात. कागदावर काढून बघितलं. सफाई १७.५ वरून १७.४ टक्के, सुरक्षारक्षक ५३.१ वरून ५२.९, पाणीपट्टी ६.७ वरून ७.०. वीज १३.६ आणि लिफ्ट ९.१ मात्र एका दशांश स्थळापर्यंत तेच राहिले. बदलायच्या जागा इतक्या झाल्या की हाताने करणं मला पटेना. हिशेब शिकवणाऱ्या पुस्तकात टक्केवारी एक्सेलनेच काढलेली असावी, मी जुळवलेली नसावी.

कल्याणला स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका संगणक वर्गात विंडोज ७ आणि ऑफिस २०१० असलेलं एक जुनं यंत्र एका जुन्या प्रिंटरसाठी ठेवलेलं आहे. तिथल्या दादांनी ते दुपारी वापरू दिलं. मूळ चित्रातली रुंदी मी ठिपक्यांत मोजून नेली होती. A रकाना १३२ ठिपक्यांचा. एक्सेलमध्ये रकान्याची कड ओढताना रुंदी आकड्यांच्या हिशेबात आणि ठिपक्यांतही दिसते, १३२ ठिपक्यांना 18.14. त्यामागे साधं गणित आहे : कडांच्या जागेचे आणि रेघेचे मिळून पाच ठिपके वजा केले की १२७ उरतात, त्याला सातने भागलं की १८.१४. फाईलचं नावही जुनंच दिलं, कारण ते खिडकीच्या माथ्यावर दिसतं.

घेतलेलं चित्र जुन्यावर ठेवून फरक बघितला तर सगळीच अक्षरं उजळली. जागा बरोबर होत्या, पण अक्षराचा जाडेपणा वेगळा. क्लिअरटाइपची तीव्रता प्रत्येक यंत्रावर ज्याची त्याची लावलेली असते. `cttune` चालवलं की विंडोज मजकुराचे काही नमुने पुढे ठेवतं आणि त्यातला निवडायला लावतं. इथे 13.6% आणि 9.1% हे दोन न बदललेले खाने माझे साक्षीदार झाले. नमुना बदलायचा, चित्र घ्यायचं, फरक बघायचा. ज्या निवडीला ते दोन्ही खाने पूर्ण काळे पडले, ती सरांच्या जुन्या यंत्रावरची निवड. त्या चित्रात बदललेले आकडे एक्सेलने स्वतः लिहिलेले आहेत.

हे काम चालू असताना आमच्या सोसायटीतले एक काका काही कामाने घरी आले होते. पडद्यावर सोसायटीचा खर्च बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्याकडे थकबाकीच्या यादीचं चित्र होतं, गटावर आलेलं. "ताई, माझ्या नावापुढची बाकी शून्य करून देशील? मी रोख भरलेत, फक्त नोंद राहिलीय." ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. तरी मी नाही म्हटलं आणि का नाही तेही सांगितलं. पुस्तकातली सोसायटी अस्तित्वात नाही, तिथला बदल लेखकाने आणि प्रकाशकाने लेखी मागितलाय, मूळ चित्र मी जपून ठेवलंय. त्यांच्या यादीतला आकडा खऱ्या माणसाच्या खऱ्या देण्याचा. तो बदलून कुणापुढे ठेवला तर ती बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ अशाच गोष्टीसाठी आहे. शिवाय तेच चित्र गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये न बदललेलं पडून होतं, खाली एकूण थकबाकीची बेरीज होती, आणि जेपेगचे डाग होतेच. मी ते मोठं करून त्यांना प्रत्येक आकड्याभोवतीचा मळ दाखवला. "मग करू काय?" त्यांनी विचारलं. पावती शोधा, नसेल तर पैसे कुणाच्या हातात आणि कधी दिले ते लिहून सचिवांना अर्ज द्या आणि खात्याचा उतारा मागा, असं मी सांगितलं. त्यांनी तिथेच बसून माझ्याकडून कागद घेऊन अर्ज लिहिला.

पुस्तक एकरंगी छापायचं होतं. रंगीत झाक राखाडी करायची ती अगदी शेवटी, आकड्यांची अदलाबदल झाल्यावर. आधी केली तर तांबूस आणि निळसर दोन्ही एकसारख्या राखाडी होतात, आणि कुठली झाक कुठल्या आकड्याची हे शिवणीवर ओळखता येत नाही. मोठं करताना पूर्ण पटीत, तिप्पट, आणि ठिपका तसाच चौकोनी ठेवणाऱ्या पद्धतीने केलं. अडीचपट केलं की काही रेघा दोन ठिपके जाड होतात आणि काही तीन, आणि कागदावर जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात प्लेटआधीचं प्रूफ आलं तेव्हा मी भिंग घेऊन बसले आणि आधी रेघा तपासल्या, मग B4, मग B7. मुद्रितशोधक बाईंनी भिंगाकडे बघितलंही नाही. त्यांनी पाच रकमा पेन्सिलीने पुन्हा बेरजेला घेतल्या, पुढच्या पानावरच्या पाच टक्केवाऱ्यांची बेरीज शंभर येते का ते बघितलं, आणि तो सोळा पानांचा फर्मा मंजूर केला.